जळगाव जवळ आलं का? : टायरवरचे आकडे आणि मीटरचे किलोमीटर



मागच्या दोन मासिक सभांत दीपनगरच्या गटाच्या व्हॅनवरून जे झालं ते बऱ्याच जणींच्या कानावर गेलं आहे, आणि अर्धवट गेलं आहे. "पेट्रोल कमी भरलं", "ड्रायव्हर ताईने हिशोब चुकवला", असं काहीबाही. म्हणून पूर्ण लिहिते. यात माझीही चूक आहे, ती पण लिहिते. आणि मुख्य म्हणजे ज्या गटांकडे स्वतःची गाडी आहे, मग ती व्हॅन असो, मालवाहू रिक्षा असो की स्कूटर, त्यांनी टायरवरचे आकडे वाचायला शिकावंच. आठवीचं गणित पुरतं, आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर.

गटाची व्हॅन जुनी घेतलेली आहे. पापड, मसाले, केळीचे वेफर्स भुसावळला आणि जळगावला पोचवायचे, आणि मधल्या दिवसांत ती किलोमीटरच्या दराने भाड्याने द्यायची, असं काम चालतं. चालवणारी आपल्याच गटाची ताई आहे, लायसन्स काढून तिला तीन वर्षं झाली. दर महिन्याला नोंदवहीत दोनच गोष्टी लिहायच्या: मीटर किती पळालं आणि पेट्रोल किती लागलं. पेट्रोल टाकी फुल करून मोजायचं. महिन्याच्या फेऱ्या बहुतेक ठरलेल्या, त्यामुळे आकडे पण ठरलेले. साधारण १२०० किलोमीटर आणि ८० लिटर. म्हणजे १५ चं ॲव्हरेज.

मग एका महिन्यात मीटर ११०४ किलोमीटर आणि पेट्रोल तेच ८० लिटर. भागाकार केला तर १३.८ आलं. १५ च्या हिशोबाने ११०४ किलोमीटरला साडेत्र्याहत्तर लिटर पुरायला हवं होतं. वरचे जवळजवळ साडेसहा लिटर कुठे गेले? नोंदवही तपासताना मी त्या ओळीला लाल पेनाने गोल केला आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं. मला वाटलं, मी माझं काम केलं. पण सभेत ती वही हातोहात फिरली. लाल गोल बघितल्यावर कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही. एक सदस्य ताई म्हणाल्या, "साडेसहाशेच्या वरचं पेट्रोल आहे, मानधनातून कापून घ्या."

ड्रायव्हर ताईने किल्ली सतरंजीवर ठेवली. म्हणाली, "मी काय पेट्रोल पिते का वं?" आणि उठली. दारापर्यंत गेली, मग वळून म्हणाली, "आणि जळगाव जवळ आलं का, ते पण विचारा या मॅडमला. आधी जाऊन येऊन पासष्ट पडायचं, आता साठच पडतं."

त्या दिवशी कोणी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. मीही नाही. रात्री घरी आल्यावर ते वाक्य डोक्यात फिरायला लागलं. पेट्रोल कोणी काढून घेतलं असेल तर ॲव्हरेज पडेल, बरोबर. पण पेट्रोल चोरल्याने रस्ता लहान होत नाही! तीच गाडी, तेच दार, तोच बाजार, आणि मीटर पाच किलोमीटर कमी दाखवतं. म्हणजे गडबड पेट्रोलमध्ये नव्हती, किलोमीटरमध्ये होती. ही खूण लक्षात ठेवा. ॲव्हरेज पडलं की आधी ओळखीच्या एका फेरीचं मीटर जुन्या नोंदीशी ताडून बघायचं. फेरी तेवढीच दाखवत असेल तर पेट्रोलकडे, इंजिनाकडे, क्लचकडे बघा. फेरीच कमी दाखवत असेल तर चाकाकडे बघा.

आणि चाकात बदल झालेला होता. त्याच महिन्याच्या सुरुवातीला चारही टायर नवे टाकले होते.

आता टायर आणि मीटरचा संबंध काय, ते सांगते. आपल्याला वाटतं मीटर रस्ता मोजतं. तसं नाही. मीटरला रस्ता दिसत नाही. ते फक्त चाकाचे फेरे मोजतं (गिअरबॉक्सच्या दांड्यावरून, पण अर्थ तोच). कंपनीने गाडी बनवताना ठरवून टाकलेलं असतं की या गाडीचं चाक अमुक एवढं आहे, ते इतके वेळा फिरलं की एक किलोमीटर झालं. मग मीटर आयुष्यभर तोच हिशोब धरून चालतं. आपण चाक मोठं लावलं तरी त्याला कोणी सांगत नाही. लहान लावलं तरी नाही. जसं धान्य मोजायला पायली मोठी घेतली आणि मोजणाऱ्याने मात्र जुन्याच पायलीच्या हिशोबाने तोंडाने आकडे म्हणत राहावं, तसं.

म्हणून प्रश्न एवढाच उरतो: चाक एकदा फिरलं की गाडी किती पुढे जाते? आणि याचं उत्तर टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं.

टायरच्या कडेला, म्हणजे रस्त्याला टेकतो तो भाग नव्हे, बाजूची भिंत, तिथे उठावाची अक्षरं असतात. त्यात कंपनीचं नाव मोठं, बाकी बरंच बारीक. त्यातून तीन आकडे शोधायचे. आपल्या व्हॅनच्या दाराच्या आतल्या पट्टीवर कंपनीचं स्टिकर आहे, त्यावर टायरचा साईज लिहिला आहे: १५५/६५ आर १३. (टायरवर आकडे आणि हे 'आर' अक्षर इंग्रजीत असतं, मी इथे आपल्या लिपीत लिहिते.)

पहिला आकडा १५५. ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत, सगळ्यात फुगीर जागी. बऱ्याच जणी रस्त्यावर टेकणारा पट्टा मोजतात आणि म्हणतात, आकडा चुकला. पट्टा त्याहून थोडा अरुंद असतो, आकडा चुकलेला नसतो.

दुसरा आकडा ६५. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. हे मिलिमीटर नाहीत. हे टक्के आहेत. टायरच्या भिंतीची उंची, म्हणजे लोखंडी रिमच्या काठापासून रस्त्यापर्यंतचं रबर, ते रुंदीच्या ६५ टक्के आहे असं तो आकडा सांगतो. १५५ चे ६५ टक्के किती? १५५ गुणिले ६५, भागिले १००. उत्तर १००.७५. आपण १०१ मिलिमीटर धरू. दहा सेंटिमीटरला किंचित जास्त, टीतभर पण नाही.

मग 'आर'. मला वाटलं होतं रेडियस, त्रिज्या. नाही. ते रेडियल या शब्दाचं अक्षर आहे, टायरच्या आतले धागे कसे बसवले आहेत ते सांगतं. मापाशी त्याचा संबंध नाही. हे मला टायरच्या दुकानातल्या पोराने सांगितलं, मी एमएसडब्ल्यू झाले म्हणून मला सगळं येतं असं नाही.

शेवटचा १३ म्हणजे रिमचा व्यास, आणि हा मात्र इंचात. एका आकड्यात मिलिमीटर, दुसऱ्यात टक्के, तिसऱ्यात इंच, अशी खिचडी का केली ते करणाऱ्यांनाच माहीत, पण जगभर असंच छापतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. १३ गुणिले २५.४ बरोबर ३३०.२. आपण ३३० धरू.

आता जोडायचं. पूर्ण चाक किती उंच? जमिनीपासून सुरू करा: आधी खालचं रबर, मग रिम, मग वरचं रबर. म्हणजे रबराची उंची दोनदा येते. प्रशिक्षणात मी हे शिकवलं तेव्हा दहापैकी सहा जणींनी ती एकदाच धरली, म्हणून जोर देऊन लिहिते. बांगडीला जसा काच वर पण असतो आणि खाली पण, तसं.

१०१ + ३३० + १०१ = ५३२ मिलिमीटर.

हा चाकाचा व्यास. चाक एक पूर्ण फेरा फिरलं की गाडी त्याच्या घेराएवढी पुढे जाते, आणि घेर म्हणजे व्यासाच्या ३.१४ पट. ५३२ गुणिले ३.१४ बरोबर १६७०. म्हणजे एका फेऱ्यात १ मीटर ६७ सेंटिमीटर. एक किलोमीटरला किती फेरे? १००० भागिले १.६७, साधारण ५९९. कंपनीने मीटरच्या डोक्यात हाच हिशोब बसवला आहे असं धरू: ५९९ फेरे झाले, एक किलोमीटर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले आणि नव्या टायरपाशी उकिडवी बसले. तिथे लिहिलं होतं: १५५ आर १३.

मला वाटलं मधला आकडा माती लागून झाकला असेल. ओल्या फडक्याने पुसलं. नव्हताच. दुकानाच्या बिलावर पण तेच, १५५ आर १३. टायर आणायला गेलेल्या ताई म्हणाल्या, "आम्ही जुन्या टायरचा फोटो दाखवला होता. तो म्हणाला, तोच एकशे पंचावन्न, तोच तेरा, बसतो तुमच्या गाडीला. माल वाहता ना, हा जास्त दणकट आहे." आणि खरंच बसला. रिम तीच, रुंदी तीच, मग बसणारच.

पण मधला आकडा लिहिलेला नसला तर तो नाही असं नसतं. तो ठरलेला असतो. जुन्या पद्धतीच्या खुणेत रेडियल टायरला टक्केवारी लिहिली नसेल तर ती ८० च्या आसपास समजायची, कधी ८२. मालवाहू छोट्या गाड्यांच्या टायरवर अजून तशीच खूण चालते. आता हिशोब करा. १५५ चे ८० टक्के म्हणजे १२४. वरखाली मिळून २४८. त्यात रिमचे ३३०. एकूण ५७८ मिलिमीटर. जुना ५३२ होता. घेर १८१५, म्हणजे १ मीटर साडेएक्याऐंशी सेंटिमीटर.

म्हणजे नवं चाक प्रत्येक फेऱ्याला साडेचौदा सेंटिमीटर जास्त पुढे जात होतं. ऐकायला काहीच नाही, एक वीत पण नाही. पण मीटर ५९९ फेऱ्यांना एक किलोमीटर म्हणत राहिलं, आणि गाडी त्या ५९९ फेऱ्यांत १०८७ मीटर गेलेली असायची. दर किलोमीटरला ८७ मीटर मीटरच्या नजरेतून सुटत होते.

जळगावच्या फेरीला लावून बघा. खरं अंतर ६५. मीटर किती दाखवणार? ६५ भागिले १.०८७. येतं ५९.८. ताई म्हणाली होती साठ. मी तो भागाकार तिच्यासमोरच केला. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

आणि महिन्याचा हिशोब: मीटर ११०४. गुणिले १.०८७. उत्तर १२००. पेट्रोल ८० लिटर. ॲव्हरेज १५. एक थेंब कुठे गेलेला नव्हता.

कागदावरचा हिशोब सभेत मांडला तर कोणी म्हणेल, मॅडम आकडे फिरवतात. आणि तसं म्हणायचा हक्क आहे, कारण लाल गोल पण मीच काढला होता. म्हणून आम्ही दोन गोष्टी सगळ्यांसमोर करून बघितल्या. तुम्ही पण करू शकता, कोणत्याही गाडीवर.

पहिली खडूची. समाजमंदिरासमोरच्या सपाट सिमेंटच्या रस्त्यावर व्हॅन उभी केली. टायरच्या अगदी खाली, जिथे तो रस्त्याला टेकतो, तिथे टायरवर एक रेघ आणि रस्त्यावर एक रेघ मारली. मग चौघींनी गाडी हळूहळू सरळ ढकलली. टायरवरची रेघ वर जाऊन परत खाली टेकली की एक फेरा. असे पाच फेरे मोजले, रस्त्यावर शेवटची रेघ मारली आणि टेपने मोजलं. पाच फेरे का, तर एका फेऱ्यात बोटभर चूक झाली तर ती मोठी ठरते, पाचांत वाटली जाते.

टेपवर आलं ८ मीटर ८० सेंटिमीटर. पाचने भागलं, १ मीटर ७६.

आता कोणी तरी विचारलंच, आणि बरं झालं विचारलं: "कागदावर तर एक एक्याऐंशी होतं, मग हे पाच सेंटिमीटर कमी कसं?" कारण टायर पूर्ण गोल नसतो. गाडीच्या वजनाने तो खाली दबतो, चपटा होतो. छापलेल्या आकड्यांवरून जो घेर निघतो तो मोकळ्या, हवा भरलेल्या, न दबलेल्या टायरचा. प्रत्यक्ष रस्त्यावर तो दोन-तीन टक्के कमीच भरतो. हवा कमी असेल किंवा माल जास्त असेल तर अजून थोडा कमी. म्हणून आकड्यांवरून काढलेलं अंतर तंतोतंत खरं मानू नका. पण दोन टायरची तुलना करायला ते चांगलं चालतं, कारण जुना टायर पण तेवढाच दबत होता आणि नवा पण तेवढाच दबतो. कोण कोणापेक्षा किती मोठा, ते बदलत नाही.

दुसरी परीक्षा हायवेची. आपल्या दीपनगरवरून जाणारा हायवे, पूर्वी ज्याला सहा नंबर म्हणायचे आणि आता त्रेपन्न नंबर झाला आहे, त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. वरणगावच्या पुढे जिथे दगड सलग दिसतात तिथे एका दगडापाशी गाडीचं ट्रिप मीटर शून्य केलं आणि दहावा दगड येईपर्यंत गेलो. मध्ये कुठे वळण घेतलं नाही, ओव्हरटेक करताना लेन बदलली तेवढंच. रस्ता रुंद करताना काही ठिकाणी दगड हललेले किंवा गायब असतात, त्यामुळे दगडांवरचे आकडे ओळीने लागतात का ते बघत जायचं. एकाच दगडावर विसंबायचं नाही. दहाव्या दगडाला मीटर ९.२ होतं. सोबत त्या सदस्य ताई पण होत्या, ज्यांनी मानधन कापायला सांगितलं होतं. परत येताना ट्रिप मीटर त्यांनीच शून्य केलं आणि त्यांनीच वाचलं. तेव्हाही ९.२.

यात पेट्रोलची शंका मिटली, पण अजून दोन गोष्टी निघाल्या, ज्या आधी कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या.

एक म्हणजे भाडं. व्हॅन आपण किलोमीटरला १४ रुपयांनी देतो, आणि किलोमीटर मीटरवरून धरतो. त्या महिन्यात गाडी खरी ५०० किलोमीटर भाड्याने फिरली असेल तर मीटरने ४६० दाखवले. चाळीस किलोमीटरचे ५६० रुपये गटाला मिळालेच नाहीत. गिऱ्हाईक खूश होतं, कोण तक्रार करणार! पेट्रोलचे साडेसहाशे गेले म्हणून आपण भांडत होतो, ते गेलेच नव्हते. जे खरोखर गेले त्याची कोणालाच खबर नव्हती.

दुसरी जास्त काळजीची. स्पीड दाखवणारा काटा पण त्याच फेऱ्यांवर चालतो. काटा ६० म्हणतो तेव्हा गाडी ६५ ने पळत असते. आपली ताई काटा बघून जपून चालवते, आणि त्या हायवेवर राखेचे टँकर, केळीचे ट्रक किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा. तो आवाज ताईने पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. आम्ही म्हटलं, नवे टायर आहेत, बसतील हळूहळू. चाकाच्या मध्यापासून कड २३ मिलिमीटर बाहेर आली होती, ती बसणार कशी?

म्हणून टायर ठेवायचे की बदलायचे यावर फार चर्चा झाली नाही. दुकानदार पूर्ण पैसे परत द्यायला तयार झाला नाही, दोन महिने वापरलेले टायर तो तरी कसे घेणार. अर्ध्याच्या थोडं वर किमतीला त्याने घेतले, आणि बाकी पैसे घालून १५५/६५ आर १३ चे चार नवे टाकले. नुकसान झालं ते झालं, ते खर्चात स्वच्छ लिहिलं आहे. चारही एकाच मापाचे हवेत, हे सांगायला नको. एका एक्सलवर एक लहान एक मोठा लावला तर दोन्ही चाकं वेगवेगळे फेरे मारतात आणि आतले गिअर झिजतात.

उलट प्रकारही होतो, तो इथेच सांगते. टायर झिजला की चाक लहान होतं. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, ती दीडपर्यंत झिजली की दोन्ही बाजूंनी मिळून व्यास तेरा मिलिमीटर कमी होतो. आपल्या चाकावर ते दोन-अडीच टक्के. मग मीटर खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवतं आणि ॲव्हरेज उगाच चांगलं दिसतं. नवे टायर टाकल्यावर ॲव्हरेज थोडं पडल्यासारखं वाटतं ते कधीकधी एवढ्यानेच. एक-दोन टक्क्यांच्या फरकावरून कोणाला जाब विचारू नका. आठ-नऊ टक्के असतील तर मात्र शोध घ्या.

ज्या गटांकडे स्कूटर आहे त्यांच्यासाठी एक उदाहरण. मागच्या टायरवर बहुतेक ९०/१००-१० असं असतं. १०० टक्के बघून घाबरू नका, भिंतीची उंची रुंदीएवढीच, ९० मिलिमीटर. दोनदा धरा, १८०. रिम दहा इंच, २५४. व्यास ४३४, आणि एका फेऱ्यात साधारण १ मीटर ३६ सेंटिमीटर. मधली आडवी रेघ म्हणजे तो रेडियल नाही, एवढंच. मालवाहू रिक्षा आणि ट्रॅक्टरच्या टायरवर कधी ४.००-८ किंवा १३.६-२८ असं असतं. तिथे दोन्ही आकडे इंचात असतात, आणि टक्केवारी नसते. रिक्षाच्या टायरला उंची रुंदीएवढी धरून अंदाज काढता येतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरला तसं धरलं तर उत्तर जास्त येतं, त्याची उंची रुंदीपेक्षा कमी असते. अशा ठिकाणी आकड्यांच्या मागे न लागता खडू आणि टेपच काढा.

पुढच्या सभेत मी नोंदवहीतला तो लाल गोल सगळ्यांसमोर खोडला आणि बाजूला सही केली. ड्रायव्हर ताईला किल्ली परत द्यायला मानधन कापा म्हणणाऱ्या ताईच उठल्या. तिने लगेच घेतली नाही. म्हणाली, "आधी वहीत लिहा, मग घेते."

म्हणून व्हॅनच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर आता हे लिहिलेलं आहे, तिच्याच अक्षरात: टायर १५५/६५ आर १३, मधला आकडा बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. एका फेऱ्याला कागदावर १.६७ मीटर. जळगाव जाऊन येऊन ६५. मोठे टायर असलेल्या दोन महिन्यांचे मीटर १.०८७ ने गुणावे. सर्व्हिसिंग मीटरपेक्षा दोनशे किलोमीटर आधी करणे, कारण गाडी तेवढी जास्त पळाली आहे.